अकरा महिन्यांचा नोटरी करार, लीव्ह अँड लायसन्स आणि भाडेपट्टा

प्रश्न: पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतोय. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट नोटरी करू, रजिस्टर करायची गरज नाही. लीव्ह अँड लायसन्स आणि साधा भाडेकरार यात फरक काय? भाडेकरू म्हणून माझे हक्क कशात जास्त?

नोटरीला सरळ नाही म्हणा. मी वकील नाही, पण लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघरी करार रजिस्टर करून देण्याचं काम करतो. अकरा महिन्यांचं हे पालुपद आठवड्यातून एकदा तरी ऐकतोच.

ते आलं कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो. म्हणून लोकांनी एक महिना कमी केला आणि नोंदणी चुकवली. इतर राज्यांत ही पळवाट अजून वापरली जाते. महाराष्ट्रात मात्र १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा करार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि रजिस्टर हवा. त्यात मुदतीचा उल्लेखच नाही. अकरा महिने असोत, सहा असोत, रजिस्टर करायचाच. आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच कलमात एक गंमत आहे, जी मालकांना सहसा माहीत नसते. करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं. खोटं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. तुमच्या मालकांना एवढं एकच वाक्य ऐकवा. माझ्या अनुभवात रजिस्ट्रेशनचा खर्च वाचवायला निघालेला माणूस हे ऐकून दोन मिनिटांत तयार होतो. पण म्हणून तुम्ही नोटरीवर खूश होऊ नका. कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात पुरावा म्हणून आधी घेतच नाहीत. बाकीचं शुल्क आणि वर दंड भरा, मग बघू, असा मामला असतो. तुमचं डिपॉझिट त्या कागदावर अडकलेलं असताना ही कटकट नको.

आता मुख्य फरक. बोलताना आपण सगळेच ‘भाडेकरू’ म्हणतो, पण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. भाडेपट्ट्यात जागेतला एक हक्क तेवढ्या काळापुरता तुमच्याकडे येतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. पहिल्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, दुसऱ्याची सुविधाधिकार कायद्यात; दोन्ही १८८२ चेच.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल, तर असं समजा की तुम्ही राहत असताना मालकाने फ्लॅट विकला. भाडेपट्टा असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि तुमची मुदत चालू राहते. लायसन्स असेल तर नव्या मालकावर ते आपोआप बंधनकारक नसतं. तो म्हणू शकतो, परवानगी मी दिलेली नाही. तुमच्या हातात मग दोन गोष्टी उरतात: सामान हलवायला वाजवी वेळ आणि, पैसे देऊन घेतलेली परवानगी तुमची चूक नसताना मध्येच मोडली म्हणून, मूळ मालकाकडून भरपाई. हे दोन्ही हक्क सुविधाधिकार कायद्याच्या ६३ आणि ६४ कलमांत आहेत. त्यामुळे करारात ‘मुदतीत जागा विकल्यास खरेदीदार हा करार पाळील, अशी अट मालकाने विक्रीत घालावी’ असं वाक्य मी आवर्जून टाकायला सांगतो. ते खरेदीदाराला थेट बांधत नाही, पण मूळ मालकाला जबाबदार धरायला उपयोगी पडतं.

भाडेकरूचे हक्क अर्थातच जास्त. भाडं भरत असेल, अटी पाळत असेल, तर कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही, आणि ती कारणं मालकाने कोर्टात सिद्ध करायची असतात. यात वर्षं जातात. म्हणूनच आज राहण्याच्या फ्लॅटसाठी तुम्हाला भाडेपट्टा कोणी देणार नाही. या भीतीला इतिहासही आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते, त्यांना सरकारने कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूच ठरवलं. तो धडा मालक लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरलेले नाहीत. १९९९ च्या कायद्यात लायसन्ससाठी वेगळं कलम २४ आलं, तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.

हे कलम २४ मात्र तुम्ही नीट समजून घ्या. मुदत संपली आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर मालक दिवाणी कोर्टात न जाता ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तुम्हाला समन्स येतं. ते मिळाल्यापासून तीस दिवसांत ‘मला बाजू मांडायची परवानगी द्या’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नाही दिलं तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरतात आणि घर खाली करायचा आदेश निघतो. शिवाय मुदत संपल्यापासूनच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम. कोणी समन्स घेऊन आला तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ करू नका. मात्र हा आदेश येईपर्यंत मालकाला स्वतः कुलूप बदलता येत नाही किंवा तुमचं सामान जिन्यात काढून ठेवता येत नाही. तसं झालं तर पोलिसांत आणि कोर्टात जायचं.

आणखी एक: याच कलमानुसार लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. ‘तोंडी वेगळं ठरलं होतं’ याला तिथे किंमत नाही. म्हणजे करार रजिस्टर नसताना तुमच्या शब्दाला वजन, आणि एकदा अंगठा लावलात की कागदाला.

मुदत आणि खर्च एका उदाहरणाने सांगतो. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं; त्यापुढे गेलं, नूतनीकरणाची अट धरूनही, तर मुद्रांक शुल्क भाडेपट्ट्याचं लागतं. समजा महिना १६,००० भाडं, ८०,००० परत मिळणारं डिपॉझिट आणि चोवीस महिन्यांची मुदत. भाडं झालं ३,८४,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज गृहीत धरतात, म्हणजे दोन वर्षांचे १६,०००. एकूण चार लाख, त्यावर पाव टक्का, म्हणजे १,००० रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी माझ्यासारख्याची मजुरी, ती बोलून घ्या. हेच भाडेपट्टा म्हणून केलं असतं, तर पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीला फ्लॅटच्या बाजारमूल्याच्या दहा टक्क्यांवर विक्रीच्या दराने शुल्क लागतं. साठ लाखांचा फ्लॅट धरा, त्याचे दहा टक्के सहा लाख, आणि पाच टक्क्यांनी जरी धरलं तरी ३०,०००. भाडेपट्टा न होण्यामागे भीतीइतकंच हे गणितही आहे.

आता याच उदाहरणात मुदत संपल्यावर तुम्ही दोन महिने तसेच राहिलात, भाडं नेमाने पाठवत राहिलात, मालकही घेत राहिले. अनेकांना वाटतं, आपण आता भाडेकरू झालो. त्यावर विसंबू नका. उद्या बिनसलं आणि मालकांनी अर्ज केला, तर त्या दोन महिन्यांचे ३२ ऐवजी ६४ हजार मागितले जाऊ शकतात. मुदत संपायच्या महिनाभर आधी एकतर नवा करार रजिस्टर करा किंवा घर शोधायला लागा.

खरी भांडणं मी बघितली आहेत ती डिपॉझिटवरून. एका गृहस्थांना घर सोडताना ‘रंगकाम’ म्हणून निम्मं डिपॉझिट कापून हातात दिलं. करारात वाक्य होतं ‘जागा पूर्ववत स्थितीत परत करावी’. पूर्ववत म्हणजे काय, याचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. सक्षम प्राधिकारी मालकाला घर मिळवून देतो, तुम्हाला डिपॉझिट नाही; त्यासाठी तुम्हाला वेगळा दावा लावावा लागतो, आणि तीस-चाळीस हजारांसाठी तो कोण लावतो? म्हणून तीन गोष्टी मसुद्यातच लिहून घ्या. तुम्ही किल्ल्या परत द्याल त्याच दिवशी डिपॉझिट परत. रोजच्या वापराने होणारी झीज भरपाईत धरायची नाही. आणि पंखे, गीझर, दिवे यांची यादी, ती चालू स्थितीत आहेत या उल्लेखासह. लॉक-इनचं कलमही वाचा. अकरा महिने लॉक-इन असेल तर सहाव्या महिन्यात बदली झाली तरी उरलेल्या पाच महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. तुमची नोकरी फिरतीची असेल तर ते तीन महिन्यांवर आणा, आणि ते दोघांनाही लागू आहे का ते बघा. बऱ्याच तयार मसुद्यांत ते फक्त राहणाऱ्यालाच असतं.

मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. मी मशीन लावून बसलो की सगळ्यांचं लक्ष अंगठ्याकडे असतं. वयस्कर मालकांचा अंगठा उमटत नाही, मग ओला कपडा, मग दुसरं बोट, तोवर चहा येतो, आणि पडद्यावरचं कोणी वाचत नाही. निदान भाडं, डिपॉझिट, तारखा आणि नोटीसचा कालावधी एवढं तरी मोठ्याने वाचायला लावा. दुय्यम निबंधकांकडून मंजुरी आली की दस्त क्रमांक असलेली प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा, दोन्ही स्वतःच्या मेलवर घ्या. पहिलं डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि त्या व्यवहाराचा क्रमांक करारात येऊ द्या. मालक रोख मागत असतील, तर रोख दिल्याचा उल्लेख करारात आल्याशिवाय अंगठा लावू नका.