‘हे बघा’ एवढाच मेसेज येतो, फोटो येतच नाही: उत्तर काय द्यावं?

प्रश्न: ‘मी लातूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्रात सल्ल्याचा व्हॉट्सॲप नंबर सांभाळतो. सध्या सोयाबीनचे मेसेज खूप येतात. त्यातले बरेच नुसते “साहेब हे बघा” असे असतात, खाली फोटोच नसतो. “काय बघू?” विचारलं तर काही जण पुढे बोलतच नाहीत. अशा वेळी नेमकं काय लिहावं?’

उत्तर:

मेसेज आला की उत्तर टाइप करायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, त्याच शेतकऱ्याशी झालेलं जुनं बोलणं वर सरकवून वाचा. चार दिवसांपूर्वी त्यांनी फोटो पाठवला असेल आणि तुमचं उत्तर राहून गेलं असेल, तर ‘हे’ म्हणजे तोच फोटो असू शकतो. पण तसं धरून चालू नका, त्यांनाच विचारा: ‘रविवारी पाठवलेल्या फोटोबद्दल म्हणताय, की आज नवीन पाठवलाय?’ दुसरी गोष्ट म्हणजे पाच-दहा मिनिटं थांबा. फोटोखाली लिहिलेला मजकूर फोटोबरोबरच येतो. मजकूर एकटा आला म्हणजे तो वेगळा पाठवला आहे. शिवारात रेंज कमी असली की दोन शब्द लगेच निघतात आणि फोटो मागे अडकतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर फोटो दिसत असतो, त्याच्या कोपऱ्यात घड्याळाचं छोटं चिन्ह असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे आपण फोटो पाठवला याची त्यांना पक्की खात्री असते.

‘काय बघू?’ हे उत्तर इथेच चुकतं. समोरच्याला वाटतं, फोटो पाठवलाय तरी हा माणूस बघत नाही. आपल्याकडे काय पोचलं आणि काय पोचलं नाही, हे उत्तराच्या पहिल्याच वाक्यात सांगा, आणि त्यात त्यांची चूक काढल्यासारखं काही नको. ‘तुम्ही फोटो पाठवला नाही’ म्हणण्याऐवजी ‘फोटो माझ्यापर्यंत आला नाही’ म्हणा. खरं तर तुम्हाला तेवढंच ठाऊक असतं.

अंगठा मात्र कधीही पाठवू नका. आलेला मेसेज वाचला एवढंच तुम्हाला सांगायचं असतं, पण न पोचलेला फोटो औषधाच्या बाटलीचा असेल आणि मनातला प्रश्न ‘हे फवारू का?’ असा असेल, तर तुमचा अंगठा म्हणजे होकार ठरतो. आपोआप जाणाऱ्या उत्तराचंही तेच आहे. ‘आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू’ हे वाचून शेतकरी निर्धास्त होतो, फोटो पोचला असं समजतो आणि दोन दिवस वाट बघत बसतो. ते उत्तर बंद करा, किंवा त्यात ‘फोटोखाली घड्याळ दिसत असेल तर तो अजून आमच्याकडे आलेला नाही’ हे वाक्य घाला.

आणखी एक चूक अनुभवी माणसांकडून जास्त होते, ती म्हणजे अंदाजाने उत्तर देणं. ऑगस्टमध्ये सोयाबीनचा मेसेज आला म्हणजे पिवळेपणाच असणार, आणि पिवळेपणा म्हणजे पांढरी माशी, असं धरून औषधाचं नाव लिहून मोकळं व्हायचं. सोयाबीन पिवळं पडायची कारणं निदान चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. चुनखडीच्या जमिनीत पाऊस लागून राहिला की लोह मिळत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पाणी साचून मुळं गुदमरली किंवा नत्र कमी पडलं, तर पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. पिवळा मोझॅक हा विषाणू, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसतात. खोडमाशी असेल तर झाड मलूल होऊन सुकतं आणि खोड उभं चिरलं की आत तांबूस पोखर दिसते. चक्रीभुंग्याने खोडावर किंवा देठावर दोन गोल खाचा पाडलेल्या असतात आणि त्यांच्या वरचा भाग वाळतो. लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक मारलं तर पैसे गेलेच, वर मित्रकिडीही मेल्या. म्हणून फोटो किंवा झाड बघितल्याशिवाय औषधाचं नाव लिहायचं नाही. ‘बहुतेक हेच असेल’ असं म्हणूनसुद्धा नाही, कारण दुकानात जाताना ‘बहुतेक’ हा शब्द गळून पडतो आणि नाव तेवढं लक्षात राहतं.

मग उत्तरात लिहायचं काय? फोटो पुन्हा कसा पाठवायचा, कशाकशाचे फोटो हवेत, आणि फोटो नसतानाही ज्याचं उत्तर देता येईल असा एक प्रश्न. मेसेज ‘साहेब हे बघा’ आहे आणि नंबर ओळखीच्या काकांचा आहे असं धरून मी असं लिहीन:

‘नमस्कार काका. “हे बघा” एवढा मेसेज आला, फोटो अजून माझ्याकडे आला नाही. तुमच्या मोबाइलवर फोटोखाली घड्याळ दिसतंय का बघा. दिसत असेल तर रेंजमध्ये आल्यावर तो आपोआप येईल, नाहीतर पुन्हा पाठवा. सोयाबीनचं असेल तर तीन फोटो द्या: बांधावरून सगळं रान, एक पूर्ण झाड, आणि बिघडलेलं एक पान जवळून. पिवळं पडलं असेल तर एवढं सांगा, शेंड्याची पानं पिवळी आहेत की खालची? फोटो बघेपर्यंत काही फवारू नका. फवारताना कुणाला मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होत असेल तर फोटोचं राहू द्या, लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.’

शेवटचं वाक्य फवारणीच्या हंगामात नक्की ठेवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ‘हे बघा’ म्हणजे पानच असेल असं नाही. ते अंगावर उठलेलं पुरळ असेल, रिकामी बाटलीही असेल. हंगाम सरला की ते वाक्य काढा, नाहीतर लोक ते वाचायचं सोडून देतात.

तीनच फोटो मागायचे, कारण सात मागितले तर एकही येत नाही. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. बांधावरून घेतलेल्या फोटोत पिवळेपणा सखल भागात आहे, पट्ट्यात आहे की विखुरलेला आहे ते कळतं. सखल भाग पिवळा असेल तर साचलेलं पाणी, विखुरलेली झाडं असतील तर मोझॅक किंवा खोडकीड अशी दिशा मिळते. पूर्ण झाडावरून वरचं की खालचं हे ठरतं. पानाचा फोटो एक वीत अंतरावरून, पान तळहातावर ठेवून, स्वतःच्या सावलीत घ्यायला सांगा. कडक उन्हात पिवळा रंग पांढरट येतो आणि शिरा दिसत नाहीत. फोटो काढण्याआधी स्क्रीनवर पानावर बोट टेकवायला सांगा, म्हणजे मागची माती स्पष्ट आणि पान धूसर असं होत नाही. उभ्या चिरलेल्या खोडाचा फोटो पहिल्या फेरीत मागू नका. झाड मलूल दिसलं तरच मागा.

समजा, काकांचं उत्तर आलं, पण फोटोऐवजी बोललेला निरोप आला: ‘शेंड्याकडून पिवळं पडलंय, आठवडाभर पाऊस होता.’ आता दोनच गोष्टी विचारा. पानाच्या शिरा हिरव्या आहेत का, आणि रानात पाणी थांबलंय का? दोन्हींना ‘हो’ आलं तर लोहाकडे बोट जातं. पण अजूनही फवारणी सांगू नका. चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, एवढं निर्धोकपणे सांगता येतं, कारण मूळ दोष कुठलाही निघाला तरी त्याने नुकसान होत नाही. जमीन वाफशावर आली की बऱ्याचदा नवी पानं आपोआप हिरवी निघतात. फोटोत हिरव्या शिरा स्पष्ट दिसल्या आणि वाफसा येऊनही पिवळेपणा टिकला, तरच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना, निवळी गाळून, संध्याकाळच्या वेळी फवारायला सांगा. फोटोत हिरव्या शिरांऐवजी चट्टे निघाले तर सल्ला पूर्ण बदलतो: रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि पिवळे चिकट सापळे लावून पांढरी माशी किती आहे ते बघायचं.

कधी फोटो येतो पण तुमच्याकडे उघडत नाही, धूसर चौकोन आणि खाली जाणारा बाण दिसतो. तिथे अडचण बहुधा तुमच्या बाजूची असते. मोबाइलची जागा भरली आहे का आणि नेट चालू आहे का ते आधी बघा, मग पुन्हा मागा. पाठवणाऱ्याने मेसेज खोडला असेल तर तशी ओळ तिथे दिसते. अशा वेळी कारण विचारत बसू नका, ‘फोटो परत पाठवाल का?’ एवढं पुरे.

संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही तर एकदाच आठवण द्या, आणि तीही छोटी: ‘काका, फोटो अजून आला नाही. जमत नसेल तर फोन करतो, कधी करू?’ खूप जणांना फोटो जोडणं जमत नाही आणि ते सांगायला संकोच वाटतो. त्यांना दोन वाटा द्या. घरातल्या मुलाकडून किंवा शेजाऱ्याकडून पाठवा, किंवा दोन झाडं मुळासकट उपटून दुकानात आणा, एक बिघडलेलं आणि एक चांगलं. झाडं वर्तमानपत्रात गुंडाळायला सांगा. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती दुपारपर्यंत सडतात आणि मूळचं लक्षण दिसत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर तीन फोटोंची सूचना ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. ‘/’ टाइप केलं की ती समोर येते. पहिली ओळ मात्र दर वेळी हाताने लिहा, कारण त्या माणसाकडून नेमकं काय आलं आणि काय आलं नाही हे त्याच ओळीत असतं. फोटो पोचल्यावर लगेच ‘तिन्ही फोटो आले, बघून संध्याकाळी सहापर्यंत सांगतो’ असं कळवा. वेळ लिहिली नाही तर तासाभरात पुन्हा ‘बघितलं का?’ येतं, आणि उत्तराला उशीर झाला तर मधल्या वेळेत ते दुसऱ्या दुकानातून औषध घेऊन मोकळे होतात.