तोंड नको, वही दाखव

प्रश्न: "गणितात एम.एस्सी. झालंय, पुण्यात राहते. आठवी ते दहावीच्या मुलांना घरून ऑनलाइन शिकवायचं म्हणते. वेळापत्रक कसं लावू, फी किती घेऊ आणि कुठलं ॲप बरं?"

ॲपचं आधी उरकते, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं. गुगल मीट घ्या. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की कुठलेही आईवडील ती दाबू शकतात, तेवढं पुरतं. झूमची फुकटातली मीटिंग 40 मिनिटांनी तुटते, आणि तुटते ती नेमकी उदाहरण निम्म्यावर आल्यावर. डिजिटल फळ्यांच्या मागे लागू नका. मी जॅमबोर्डवर वर्षभराच्या नोट्स काढून ठेवल्या होत्या, 2024 संपताना गुगलने तो गाशाच गुंडाळला. पेन टॅब्लेटही घेतला होता. त्यावर माझं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं यायचं. आता तो माळ्यावर आहे.

खरं तर मी उत्तर लिहायला बसले ते आमच्या जुन्या सरांमुळे. 2020 पर्यंत सात वर्षं मी एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवत होते. लॉकडाउननंतर क्लास पुन्हा उघडला, तेव्हा मी सरांना म्हटलं, मी ऑनलाइनच चालू ठेवते. सर सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर गणित शिकणं म्हणजे पंगतीचा फोटो बघून ढेकर देणं." सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

आणि पहिले काही दिवस सर बरोबर होते, हे कबूल करते. वारज्याचा एक दहावीचा मुलगा होता, सेमीचा. मी स्क्रीनवर स्वच्छ सोडवून दाखवायचे, तो मान हलवायचा, "हो मॅडम, समजलं." गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, उत्तरं सगळी बरोबर. तीन आठवडे मी त्या फोटोंवर बरोबरच्या खुणा करत होते. मग शाळेची चाचणी झाली, 20 पैकी 6. त्याच्या आईचा फोन आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती एवढंच म्हणाली, "मॅडम, त्याला कळतंय म्हणतो, तुम्हीही म्हणता कळतंय, मग मार्क कुठे जातायत?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "अरे, तुझं तोंड नको मला, वही दाखव. फोन वहीवर धर आणि माझ्यासमोर सोडव." एकसामयिक समीकरणांचं साधं उदाहरण दिलं:

5x + 2y = 16
5x − 3y = 1

खालचं समीकरण वरच्यातून वजा करायचं. त्याने खाली चिन्हं बदलून लिहायला घेतली. 5x च्या खाली वजा काढलं. 1 च्या खाली वजा काढलं. मधल्या −3y ला मात्र हात लावला नाही. तिथे वजा होतंच, म्हणजे झालंच बदलून, असा त्याचा हिशोब. मग 2y − 3y म्हणजे −y, उजवीकडे 15, म्हणून y = −15. पेन थांबलं. पानांची सळसळ ऐकू आली. पुस्तकाच्या मागची उत्तरसूची. −15 वर काट बसली आणि शेजारी सुबक अक्षरात y = 3, x = 2.

उत्तर बरोबर. फोटोतही ते बरोबरच दिसलं असतं.

पुढचे दोन तास मी त्याला एकही समीकरण पूर्ण सोडवू दिलं नाही. फक्त जोड्या द्यायच्या आणि त्याने वजाबाकीची मधली ओळ लिहायची, तीही कंसात: 2y − (−3y). कंस आला की दोन वजा शेजारी दिसतात आणि हात आपोआप अडखळतो. उत्तरसूचीच्या पानाला स्टेपल मारायला त्याच्या आईला सांगितलं. पुढच्या चाचणीत 13 आले. फार नाहीत, पण ते त्याचे होते.

म्हणून तुम्हाला सांगते, ऑनलाइनमध्ये तुमचा फळा दुय्यम आहे. मुलाचा लिहिता हात दिसला पाहिजे. त्यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही. पुस्तकांच्या दोन थप्प्या लावायच्या, वहीपासून साधारण वीतभर किंवा थोड्या जास्त उंच. त्यांच्यावर आडवी पट्टी टाकून फोन असा ठेवायचा, की मागचा कॅमेरा खाली वहीकडे आणि स्क्रीन वर मुलाकडे राहील. सेल्फीचा कॅमेरा नको, त्यात स्क्रीन खाली जाते आणि मुलाला तुम्ही दिसतच नाही. फोन आडवा झाला की चित्र गरागरा फिरतं, म्हणून ऑटो-रोटेट आधी बंद करायला लावा. मुलगा उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडून यायला हवा. ट्यूब पाठीमागे असेल तर डोक्याची सावली बरोबर त्या ओळीवर पडते. पेन्सिल नको, निळं पेन. पेन्सिलीतलं वजाचं चिन्ह कॅमेऱ्यात गायब होतं, आणि आपलं सगळं भांडण त्या चिन्हाशीच आहे. तुमच्याकडेही हीच व्यवस्था करा: साधी वही, वर फोन.

आता यातली एक मेख. दोघंच असाल तर मीट फुकटातही तासाला तुटत नाही. पण मुलाने एक फोन तोंडासमोर आणि दुसरा वहीवर ठेवला, तर मीटच्या हिशोबाने माणसं तीन होतात, आणि तिघांपासून पुढे 60 मिनिटांची मर्यादा लागते. दोन फोन एकाच खोलीत म्हटल्यावर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावे लागतात, नाहीतर आवाज घुमतो. मी दुसऱ्या फोनच्या फंदात पडत नाही. पहिली दोन मिनिटं तोंड, मग फोन वहीवर. तीन मुलांचा गट असेल तर मर्यादा लागतेच, म्हणून माझा तास 50 मिनिटांचाच आहे. तीनच्या वर मुलं घेत नाही, कारण माझ्या लॅपटॉपवर तीन वह्या वाचता येतात, चौथी आली की 3 आणि 8 सारखेच दिसतात.

वेळापत्रकाचं म्हणाल तर प्रत्येक मुलाला आठवड्याला दोन तास, वार आणि वेळ ठरलेली. दोन तासांच्या मध्ये किमान एक दिवस सोडा, नाहीतर गृहपाठ होत नाही. गुरुवार टाळा. पुण्यात राहता, कारण सांगायला नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळी गेलेली लाइट संध्याकाळी पाचला आलेली असेल, याची खात्री कोण देणार? राउटरला छोटा यूपीएस लावला तरी पलीकडे मुलाच्या घरी अंधार असतोच. आणि गणपतीचे दहा दिवस संध्याकाळचे तास सरळ सकाळी सातला हलवा. आमच्या गल्लीतल्या मंडळासमोर मी एकदा पायथागोरसचं प्रमेय शिकवायचा प्रयत्न केला. मुलाला फक्त ढोल ऐकू आला.

फी. इथे माझी दुखरी नस आहे. सुरुवातीला मी दर तासाला 300 घ्यायचे, झालेल्या तासांचे. भिडस्त स्वभाव, दुसरं काय. एका मुलीचे जून ते ऑगस्ट 24 तास ठरले होते. कधी आत्याकडे बारसं, कधी "आज तिला कंटाळा आलाय", कधी नुसतंच "आज नको". झाले 13 तास. 7,200 च्या जागी हातात 3,900. बरं, ते 11 तास मी दुसऱ्या कुणाला देऊही शकत नव्हते, कारण "नको" यायचं तेच मुळी तासाच्या दहा मिनिटं आधी. मुलीची चाचणी बिघडली तेव्हा आई म्हणाली, ऑनलाइनमुळे बिघडली.

आता महिन्याची फी आगाऊ, पाच तारखेपर्यंत यूपीआयवर. आठ तासांचे 2,400, एकट्या मुलासाठी. तिघांच्या गटात प्रत्येकी 1,200. मी तास बुडवला तर भरून देते. त्यांनी आदल्या दिवशी कळवलं तर महिन्यात एक तास भरून देते. ऐनवेळी कळवलं तर तो झाला असं धरते. हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते, तोंडी सांगत नाही. माझे आकडे तुम्हाला लागू होतीलच असं नाही, मी बारा वर्षांहून जास्त शिकवतेय. तुम्ही कमीने सुरू करा हवं तर, पण आगाऊ घ्या. नात्यातल्यांना एकतर पूर्ण फुकट शिकवा किंवा पूर्ण फी घ्या. "तुझ्याकडून काय घ्यायचे" म्हणून निम्मी घेतलीत, की ती मुलं वेळही निम्मीच पाळतात.

सरांचं राहिलं. त्यांच्या एका बॅचला 60 मुलं असायची. मी सात वर्षं तिथे फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या मागे 60 माना नुसत्या सवयीने हलायच्या. त्यातल्या किती जणांनी मधलं चिन्ह बदललं नव्हतं, ते मला कधी कळलं नाही. सरांनाही नाही. परवा लक्ष्मी रोडला भेटले, विचारत होते, "अजून मोबाइलवरच का?" मी म्हटलं, "हो सर, मोबाइलवरच, पण वही दिसते." त्यांना काही कळलं नाही आणि मला उन्हात उभं राहून समजावायचं नव्हतं.

आता आधी सांगायला हवं होतं ते. तुम्ही कुठल्या शाळेत शिक्षिका असाल तर हे काही करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 मध्ये शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई आहे. पाचवीच्या खालची मुलं मी घेत नाही. त्यांना शेजारी बसणारं माणूस लागतं, आणि आई शेजारी बसली की उत्तर आईच देते. भूमितीतल्या रचना वहीवरच्या कॅमेऱ्यातून नीट जमत नाहीत, कंपासचं टोक आणि फोनची पट्टी एकमेकांना धडकतात. त्या मी मुलाकडून आधी काढून घेते आणि फोटो बघून बोलते. म्हणजे रचनांपुरते सर अजून बरोबर आहेत. त्यांना सांगू नका.