अनियमितता की गैरप्रकार?

"पुण्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या सुपरविजनचं परिपत्रक फिरलं. त्यात एकदा 'अनियमितता आढळल्यास कळवावे' आणि खाली पुन्हा 'गैरप्रकार आढळल्यास कळवावे' असं आहे. दोन्ही एकच ना?"

नाही, आणि परिपत्रक लिहिणाऱ्यानं हे दोन शब्द वेगळे ठेवले याचा मला आनंद वाटतो. नियमाला धरून न घडलेलं सगळं अनियमित. त्यात कुणाचा हेतू वाईट असावाच लागत नाही. गैरप्रकार म्हटलं की कुणावर तरी ठपका येतो. 'गैर' हा फारसीच्या वाटेनं आलेला शब्द. 'गैरहजर'मध्ये तो नुसता अभाव सांगतो, पण 'त्यात गैर काय?' असं विचारताना त्याचा अर्थ 'अनुचित' होतो. गैरप्रकारातला आणि गैरमार्गातला 'गैर' हा दुसरा.

वर्गातलं उदाहरण घ्या. पंचवीस जणांच्या ब्लॉकमध्ये एक मुलगा आलेला नाही. त्याचा बाक मोकळाच राहायला हवा, पण मागची मुलगी एक बाक पुढे सरकते आणि तिच्या मागची रांगही सरकते. पर्यवेक्षक बाकांच्या क्रमानं बारकोडचे स्टिकर वाटत गेले, तर एकीचा स्टिकर दुसरीच्या उत्तरपत्रिकेवर लागतो. हॉलतिकिटावरचा बैठक क्रमांक बाकावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला की घोळ तिथेच दिसतो. स्टिकर लागून गेल्यावर लक्षात आलं तर स्वतः उचकटू नये, केंद्रसंचालकांना कळवावं. ही अनियमितता. अहवालात इथे 'गैरप्रकार' लिहिलंत तर त्या मुलींवर विनाकारण संशय येईल.

आता दुसरी बाजू. उत्तरपत्रिकेखाली चिठ्ठी सापडली. हा गैरप्रकारच्या सदरात जाणारा मामला, तरीही 'कॉपी करताना पकडले' असं लिहायची घाई करू नका. तुम्ही मुलाला चिठ्ठीतून उतरवताना पाहिलंत का? पाहिलं नसेल, तर तुमच्यापाशी चिठ्ठी 'आढळली' एवढंच आहे. 'पकडले' हा निकाल झाला, आणि तो द्यायचं काम चौकशी करणाऱ्यांचं. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात 1982 पासून कायदा आहे, म्हणून हा शब्द नुसता रागाचा राहत नाही.

जाता जाता, मला फार आवडणारी एक गोष्ट. परीक्षा म्हणजे परि + ईक्षा आणि पर्यवेक्षण म्हणजे परि + अव + ईक्षण. दोन्हींत धातू एकच, ईक्ष्, म्हणजे पाहणे. तेव्हा पर्यवेक्षकानं जे पाहिलं तेच लिहावं, असं हा शब्दच सांगतो.

तुमच्या अहवालासाठी वाक्य असं सुचवतो: 'सकाळी 11.40 वाजता बैठक क्रमांक अमुक यांच्या उत्तरपत्रिकेखाली हस्तलिखित मजकुराची एक चिठ्ठी आढळली. चिठ्ठी व उत्तरपत्रिका ताब्यात घेऊन केंद्रसंचालकांकडे दिली.'