ऑर्डर वाढल्यात : माणूस ठेवू की सॉफ्टवेअर लावू?

प्रश्न : आमचा मसाले, भाजणी, मेतकूट यांचा ऑनलाइन व्यवसाय आहे, ठाण्यात नौपाड्याला. रोज सत्तरेक ऑर्डर येतात. चाळीस वेबसाइटवरून (शॉपिफाय), बाकीच्या व्हॉट्सअॅप आणि इन्स्टावरून. मी, मिस्टर आणि पॅकिंगला एक मुलगी. रात्री अकरापर्यंत काम संपत नाही. अजून एक माणूस ठेवू की ऑर्डरचं काम ऑटोमॅटिक करून घेऊ?

उत्तर : ताई, तुमच्या रात्रीच्या अकरात दोन वेगवेगळी कामं मिसळली आहेत, ती आधी सुटी करा. एक हाताचं काम : पाकिटं काढणं, खोक्यात भरणं, टेप, लेबल चिकटवणं. दुसरं टायपिंगचं : नाव, पत्ता, पिनकोड, रक्कम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं. पहिल्याला माणूसच लागतो. दुसऱ्याला माणूस लावणं मला पटत नाही, का ते सांगते.

तुमची एक व्हॉट्सअॅप ऑर्डर घ्या आणि तो पत्ता किती वेळा लिहिला जातो ते मोजा. बहुतेक घरगुती व्यवसायांत तो आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये जातो, मग कुरिअरच्या साइटवर, मग बिलावर, आणि शेवटी ट्रॅकिंग नंबर कळवताना पुन्हा तीच चॅट शोधावी लागते. प्रत्येक वेळी ४००६०२ चं ४००६०७ व्हायची संधी असते. इथे नवा माणूस बसवला, तर एका हाताने लिहिलेलं दुसरा हात उतरवणार. चूक सापडली की ती कुणाकडून झाली हे शोधण्यात आणखी वेळ.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. मिनिटं माझ्या अंदाजाची आहेत, तुम्ही घड्याळ लावून स्वतःची घाला. मोजायला सोमवार निवडा, कारण रविवारी पिकअप नसेल तर दोन दिवसांच्या ऑर्डर त्या दिवशी साचतात आणि खरा ताण तेव्हाच दिसतो. वेबसाइटच्या ऑर्डरला तीन मिनिटं धरली तर चाळीसला दोन तास. व्हॉट्सअॅपच्या ऑर्डरला ‘पत्ता पाठवा’, ‘पिनकोड राहिला’, ‘पेमेंटचा स्क्रीनशॉट टाका’ हे सगळं धरून आठ मिनिटं, म्हणजे तीसला चार तास. एकूण सहा तास नुसतं टायपिंग. पॅकिंगला चार मिनिटं धरली तर सत्तरला चार तास चाळीस मिनिटं.

वेबसाइटच्या दोन तासांचं काम सगळ्यात सोपं आहे. शिपरॉकेटसारख्या कुरिअर एकत्र देणाऱ्या सेवेला शॉपिफाय जोडता येतं. ऑर्डर आपोआप तिकडे जाते, लेबलं एकगठ्ठा छापता येतात आणि ट्रॅकिंग नंबर ग्राहकाला परस्पर जातो. ऑर्डरमागे अर्धं मिनिट नजर टाकायला ठेवा. दोन तासांची वीस मिनिटं होतात.

व्हॉट्सअॅपला मात्र बॉट लावू नका. ‘भाजणी थोडी जाडसर मिळेल का’ असं विचारणारी बाई तुमच्याशी बोलायला आलेली असते, तिला बटणं दाखवली की ती निघून जाते. बोलणं तुम्हीच करा, फक्त शेवट बदला. काय हवं ते ठरलं की शॉपिफायमध्ये `Orders` खाली `Drafts` मध्ये जाऊन ऑर्डर बनवा आणि तिच्या पेमेंटची लिंक चॅटमध्ये टाका. पत्ता ग्राहक स्वतः भरते, पैसेही तिथेच भरते, आणि ती ऑर्डर वेबसाइटच्याच रांगेत येऊन बसते. स्क्रीनशॉट तपासणं संपतं. ते संपायलाच हवं, कारण खोटा स्क्रीनशॉट बनवणं फार सोपं झालंय आणि बँकेत रक्कम दिसल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. गेटवे साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी कापतो असं धरा. सहाशेच्या ऑर्डरवर चौदा-पंधरा रुपये होतात. तुमची चार मिनिटं त्याहून महाग आहेत. काही जुन्या गिऱ्हाइकांना लिंक जमणार नाही, त्यांच्या ऑर्डर तुम्ही भरा, पण त्याही थेट शॉपिफायमध्येच. वही बंद.

आठाची चार मिनिटं झाली तर तीस ऑर्डरना दोन तास. म्हणजे सहा तासांचं टायपिंग दोन तास वीस मिनिटांवर येतं. पॅकिंगचं एक मिनिटही वाचत नाही, हे लक्षात ठेवा.

आता बिघडतं कुठे. तुमच्या मालात पहिली गोष्ट वजन. बहुतेक कुरिअरचे दर अर्धा-अर्धा किलोच्या टप्प्याने वाढतात. साडेचारशे ग्रॅम मसाला तुम्ही शॉपिफायमध्ये ४५० लिहिलात, पण पुठ्ठ्याचं खोकं आणि टेप मिळून १२० ग्रॅम झाले, तर पार्सल ५७० चं होतं आणि एक किलोचा दर लागतो. हाताने भरताना तुम्ही काट्यावर बघून वजन टाकता. ऑटोमॅटिकमध्ये ते मालाच्या नोंदीतून उचललं जातं आणि फरकाची रक्कम नंतर तुमच्या खात्यातून कापली जाते. शिवाय खोकं मोठं असेल तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर तो धरतात. तीस, वीस, दहाचं खोकं म्हणजे एक किलो दोनशे ग्रॅम, आत मेतकुटाची दोन पाकिटं असली तरी. जोडणी करण्याआधी एक संध्याकाळ काढून प्रत्येक माल भरलेल्या खोक्यासकट तोला.

दुसरी गोष्ट, अडकणाऱ्या ऑर्डर. एकाच बाईने सकाळी आणि दुपारी ऑर्डर दिली तर दोन लेबलं निघतात, दोन्हीचा खर्च तुमचा. ‘शाळेच्या मागे’ एवढाच पत्ता, पिनकोड एका गावाचा आणि नाव दुसऱ्या गावाचं, कॅश ऑन डिलिव्हरीची मोठी ऑर्डर पण फोन लागत नाही : अशांची लेबलं आपोआप निघू देऊ नका. त्यांना ‘थांबवा’ असा टॅग लावा आणि रोज दुपारी बारा वाजता अर्धा तास त्यांच्यावर बसा. हे काम तुम्ही किंवा मिस्टरांनी करायचं, कारण कुठल्या गिऱ्हाइकाचा पत्ता नेहमीच अर्धा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. परत आलेल्या पार्सलला जाण्याचं आणि येण्याचंही भाडं पडतं, आणि उघडलेलं खाद्य पुन्हा विकता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : आधी वेबसाइट कुरिअरला जोडा, दोन आठवडे व्हॉट्सअॅपची लिंक चालवा, मग माणूस ठेवा. तो पॅकिंगला, अर्ध्या दिवसाचा, पिकअपच्या आधीचे चार तास. उलट क्रमाने गेलात तर नवीन माणूस तुमची वही शिकेल आणि पुढच्या महिन्यात तीच वही त्याच्याकडून सोडवावी लागेल. उद्या १४० ऑर्डर झाल्या तर जुन्या पद्धतीत टायपिंगच बारा तासांवर जातं. नव्या पद्धतीत ते पावणेपाच तास, वर अडकलेल्यांचा एखादा तास. तेव्हा वाढवायचे ते पॅकिंगचे हात.

एक वेळ मात्र सांभाळा. दसऱ्यापासून तुमच्याकडे भाजणीची झुंबड उडणार. नवी जोडणी त्याच्या महिनाभर आधी पूर्ण चालू असू दे. राहिली तर दिवाळीपर्यंत हात लावू नका, त्या दिवसांपुरत्या ओळखीतल्या दोन बायका पॅकिंगला घ्या आणि भाऊबीज झाल्यावर काम सुरू करा.