खुणा गेल्या कुठे?

प्रश्न: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला आम्ही पडीत वावरात ६० नाकतोड्यांना नेलपॉलिशची खूण करून सोडलं. तिसऱ्या दिवशी ५० पकडले, त्यात खुणेचे ८ निघाले. ६० × ५० ÷ ८ या सूत्राने वावरातल्या नाकतोड्यांची एकूण संख्या ३७५ आली. सर म्हणतात, कोणतं गृहीतक मोडलं ते जर्नलमध्ये लिहा. पुस्तकात सहा गृहीतकं दिली आहेत, त्यातलं आमचं कोणतं मोडलं हे ओळखायचं कसं?

उत्तर:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बरीच वर्षं हेच प्रॅक्टिकल घेतलं, तेही नाकतोड्यांवरच. माझा अनुभव असा की पोरं सहाही गृहीतकं जर्नलमध्ये उतरवून काढतात आणि शेवटी "ही सर्व पूर्णपणे पाळली गेली नाहीत" असं एक वाक्य ठोकून देतात. त्याला मी निम्मेच मार्क द्यायचो. म्हणून तुमचा प्रश्न आवडला.

गृहीतकांकडे जाण्याआधी तुमच्या ८ या आकड्याकडे बघा. त्या दिवशी खुणेच्या तिघांऐवजी बिनखुणेचे तीन हाती लागले असते तर ८ चे ५ झाले असते, आणि उलट झालं असतं तर ११. यात कोणाची चूक नाही, निव्वळ नशिबाचा भाग आहे. आणि खुणेचे इतके थोडे असले की साधं सूत्र जरा फुगीर उत्तर देतं. म्हणून १९५१ मध्ये चॅपमनने सुचवलेली दुरुस्ती वापरा:

```
N = (M + 1)(C + 1)/(R + 1) - 1
```

M म्हणजे पहिल्यांदा खूण केलेले, C म्हणजे दुसऱ्यांदा पकडलेले एकूण, आणि R म्हणजे त्यातले खुणेचे. तुमच्या आकड्यांवर हे ३४५ येतं. R ऐवजी ५ घातले तर ५१८ आणि ११ घातले तर २५८. म्हणजे एकही गृहीतक न मोडता तुमचं उत्तर २५८ ते ५१८ मध्ये कुठेही पडू शकलं असतं. "३७५ चुकीचं आहे, म्हणजे काहीतरी मोडलं" हा निष्कर्ष एकट्या या आकड्यावरून निघतच नाही. मोडलेलं गृहीतक आकड्यात दिसत नाही, वेगळ्या नोंदीत दिसतं. ती नोंद कशी असते, ते आमच्या एका वर्षाच्या उदाहरणावरून सांगतो.

सप्टेंबरचा महिना होता. हॉस्टेलच्या मागे साधारण चाळीस पावलं लांब आणि पंचवीस रुंद असा पडीत तुकडा होता, टोंगळ्याइतकं गवत, एका बाजूला धुरा आणि धुऱ्यापलीकडे सोयाबीन. सहा जणांनी चाळीस मिनिटं पकडायचं, एवढं पक्कं ठरलेलं. पहिल्या दिवशी ८४ सापडले. छातीवरच्या कवचावर लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला, वाळू दिला आणि तुकड्यात सगळीकडे विखरून सोडले. शेजारचे कास्तकार धुऱ्यावर उभे राहून बघत होते. "नाकतोडे मोजून काय भेटते सर?" म्हणाले. मी म्हटलं, मार्क भेटतात. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच सहा जणांनी तेवढ्याच वेळात ७० पकडले, त्यात खुणेचे २१. वरच्या सूत्राने २७३. झकास. मग मध्येच तीन-चार दिवस पाऊस लागला आणि एका बॅचचं प्रॅक्टिकल राहिलं. ते आठव्या दिवशी केलं. जुन्याच खुणा धरून मोजायचं ठरलं. पकडणारे तेच सहा जण, वेळ तीच चाळीस मिनिटं. पकडले ६६, खुणेचे फक्त ६. उत्तर ८१३!

पोरांनी लगेच लिहिलं: "बाहेरून नाकतोडे आले, संख्या तिप्पट झाली." वाचायला ठीक वाटतं. पण नाकतोडे खरंच तिप्पट झाले असते तर त्याच सहा जणांना त्याच चाळीस मिनिटांत ७० च्या जागी दोनशेच्या आसपास मिळायला हवे होते. मिळाले ६६. गवतात गर्दी वाढलेली नव्हती. वाढलं काहीच नव्हतं, खुणा तेवढ्या कमी झाल्या होत्या. २७३ पैकी ८४ खुणेचे असतील तर ६६ मध्ये वीसेक खुणेचे दिसायला हवेत. सहाच दिसले, आणि इतकी मोठी तूट नशिबावर ढकलता येत नाही. म्हणून वेळ आणि माणसं बांधून ठेवा असं मी दरवर्षी ओरडायचो. ती एक ओळ जर्नलमध्ये असली की "संख्या वाढली" आणि "खुणा हरवल्या" या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, नसली की नुसतं अंदाजपंचे.

आता खुणा गेल्या कुठे? सुदैवाने एका मुलीने प्रत्येक नोंदीसमोर "पंखवाला" की "पिल्लू" हे लिहिलं होतं. पहिल्या दिवशीच्या ८४ मध्ये ५२ पिल्लं होती, ३२ पूर्ण वाढलेले पंखवाले. दुसऱ्या दिवशी ४४ पिल्लांत १४ खुणेची होती आणि २६ पंखवाल्यांत ७. म्हणजे दोन्हींत प्रमाण साधारण सारखंच, चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा. आठव्या दिवशी ३६ पंखवाल्यांत ६ खुणेचे, आणि ३० पिल्लांत एकही नाही. नऊ-दहा अपेक्षित असताना शून्य.

इथे उत्तर समोर आलं. नाकतोड्याचं पिल्लू मोठं होताना पाच-सहा वेळा कात टाकतं, आणि उबदार हवेत दोन कातींमध्ये साधारण आठवड्याचं अंतर असतं. नेलपॉलिश बसतं ते बाहेरच्या कवचावर. कवच गेलं की ठिपका गेला. नाकतोडा जिवंत, त्याच तुकड्यात, पण आपल्या वहीत तो आता "बिनखुणेचा". सूत्राला हे कळत नाही. खुणेचे कमी दिसले की त्याला वाटतं खुणा मोठ्या गर्दीत मिसळल्या, आणि ते संख्या फुगवून सांगतं.

पंखवाल्यांतलं प्रमाणही २७ टक्क्यांवरून १७ वर आलं होतं, त्याचंही कारण बहुधा हेच. शेवटची कात टाकून पिल्लं पंखवाली झाली आणि बिनखुणेची म्हणून त्या गटात शिरली. म्हणजे तुकड्याला भक्कम कुंपण घातलं असतं तरी "पंखवाले" हा गट बंदिस्त राहिला नसता. भरती बाहेरून नव्हती, घरातूनच होती.

हे सगळं मी तर्काने सांगतोय असं वाटू नये म्हणून एक जोड देतो. पहिल्याच दिवशी आम्ही वेगळी दहा पिल्लं तसाच ठिपका देऊन मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात, ताज्या गवतासकट ठेवली होती. आठव्या दिवशी पाहिलं तर दोन मेलेली, एकावर ठिपका शाबूत, आणि सात कोरी करकरीत. पिंजऱ्याच्या तळाशी सात पातळ काती पडलेल्या, प्रत्येकीवर लाल ठिपका. तो पिंजरा मी नंतर प्रत्येक बॅचला करायला लावला. खर्च काही नाही, आणि खूण निघते का, खुणेमुळे किडा मरतो का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात.

कोणी सुचवेल की दोन ठिकाणी ठिपके द्या. रंग खरवडून निघत असेल तर हा उपाय चांगला आहे, कारण एकच ठिपका उरलेले किडे सापडतात आणि रंग किती निघतो याचा हिशेब लागतो. कातीपुढे मात्र त्याचा उपयोग नाही, दोन्ही ठिपके एकदमच जातात. इथे उपाय दोनच. फक्त पंखवाल्यांना खूण करा आणि उत्तर फक्त पंखवाल्यांचं म्हणून द्या. किंवा साधारण चोवीस तासांनी दुसरी पकड उरका. त्याहून लवकरही नको, सोडलेले इतरांत मिसळायला एक रात्र तरी हवी.

उलट्या दिशेची चूकही असते, ती विसरू नका. लाल ठिपका हिरव्या गवतात लांबून दिसतो. डोळ्यांनी शोधून हाताने पकडत असाल तर खुणेवाले आधी सापडतात, R वाढतो आणि संख्या कमी येते. साळुंकी आणि कोतवाल या पक्ष्यांनाही तो ठिपका दिसतो, ते खुणेवाले आधी टिपतात, तेव्हा चूक पुन्हा दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून ठिपका पोटाकडच्या बाजूला द्यावा आणि गवतावरून जाळी फिरवून पकडावं, म्हणजे हातात येईपर्यंत कोणालाच खूण कळत नाही. सगळे एकाच जागी पिशवी उलटी करून सोडले असतील तर तीही नोंद काढा. दुसरी पकड त्याच कोपऱ्यात झाली असेल तर खुणेचे जास्त येणारच.

आता तुमची वही उघडा. तुमच्या दोन पकडींत दोन दिवसांचं अंतर आहे. ६० मध्ये पिल्लं बरीच असतील तर त्यातल्या काहींनी कात टाकली असणार. पिल्लं आणि पंखवाले वेगळे लिहिले असतील तर दोन्हींतलं खुणेचं प्रमाण काढा. पिल्लांत ते स्पष्टपणे कमी असेल तर "खूण टिकते" हे गृहीतक मोडलं आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त आलं, असं कारणासकट लिहा. दोन्हींत सारखं असेल तर कातीवर दोष टाकू नका. वेगळे लिहिलेच नसतील तर सरळ तसं लिहा, ३४५ सोबत २५८ ते ५१८ हा पल्ला द्या, आणि पुढच्या वेळी तो एक रकाना आखा. नोंद नसताना "स्थलांतर झाले असावे" असं लिहिणाऱ्या जर्नलपेक्षा मी तरी या जर्नलला जास्त मार्क दिले असते.