पासष्ट हजारांचं ब्रँड गाइड आणि दीड लाखाचा हप्ता

«मी ६३ वर्षांची, नाशिकला एकटीच राहते. खासगी कंपनीतून निवृत्त झाले, पेन्शन जेमतेम २,४०० रुपये. तीन वर्षांपासून घरून थालीपीठ भाजणी विकते, नाव 'ओसरी'. महिन्याला सहा घाणे होतात, पाच हजार सुटतात. एका डिझायनरने ४० पानी ब्रँड गाइड, लोगो आणि पाकिटाचं डिझाइन मिळून ६५,००० सांगितलेत. एफडी मोडून करून घेऊ का? पाकिटावर 'मधुमेहावर गुणकारी' असंही छापायचं आहे. बाकी काळजी नाही. २२ लाख एफडीत ७ टक्क्यांनी आहेत, घरखर्च १८,०००. बँकेतल्या साहेबांनी सुचवलेली एक युनिट लिंक्ड योजना गेल्या वर्षी घेतली, वर्षाला दीड लाख, पाच वर्षं. ब्रँड नीट झाला की पुढचे हप्ते धंद्यातूनच निघतील. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. पाकिटाचा फोटो सोबत जोडला आहे.»

ताई, ६५,००० देऊ नका. एफडी मोडू नका. पत्राच्या शेवटच्या तीन-चार वाक्यांवर मात्र मी बराच वेळ थांबलो. तिथे येतोच, आधी भाजणी.

ब्रँड गाइड लागतं ते दहा माणसं दहा ठिकाणी एकाच नावाने काम करतात तेव्हा. व्हॅनवर लोगो किती मोठा, टी-शर्टवर कुठल्या बाजूला, हे ठरवून ठेवावं लागतं. तुमच्याकडे व्हॅन नाही आणि टी-शर्ट घालणारं कोणी नाही. भाजणारी, दळून आणणारी, भरणारी आणि व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारी बाई एकच आहे. तुम्हाला एक पान हवं, तेही डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवण्यापुरतं. दिवाळीच्या गर्दीत शेजारची मुलगी पाकिटं भरायला आली, किंवा लेबलं छापणारा बदलला, तर ते पान पुढे करायचं आणि आपण कढईकडे वळायचं.

पानावर पहिलं नाव. फोटोतल्या पाकिटावर 'ओसरी' आहे आणि खाली व्हॉट्सॲपसाठी 'ओसरी फूड्स' आहे. पैसे पाठवताना क्यूआरवर बहुधा तुमचं स्वतःचं नाव उमटत असेल. नवं गिऱ्हाईक तिथे थबकतं, आपण भलत्याच कोणाला पैसे पाठवतोय की काय म्हणून. एकच नाव ठरवा, 'ओसरी' पुरे. ऑर्डरच्या ठरलेल्या मेसेजमध्येच लिहा की क्यूआरवर माझं नाव दिसेल. अक्षरांसाठी 'मुक्ता' किंवा 'बालू' हे देवनागरी फॉन्ट फुकट आणि धंद्यालाही वापरता येणारे आहेत, दोन्ही मुंबईत घडलेले. रंग एकच ठेवा आणि तो गडद घ्या. तुमचं पाकीट खाकी कागदाचं आहे, त्यावर थेट छापलेला हळदी पिवळा मळकट दिसतो. फोटोत दिसतोयही तसाच. पांढऱ्या स्टिकरवर छापून ते चिकटवा, आणि घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापू नका, ओल्या हाताने शाई पसरते.

दुसरा भाग लेबलावरच्या मजकुराचा. 'मधुमेहावर गुणकारी' छापूच नका. खाण्याचा पदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला अन्नसुरक्षा कायद्यात मनाई आहे. शिवाय त्या भाजणीत तांदूळ सगळ्यात जास्त आहे, हे तुम्हीच घटकांच्या यादीत लिहिलंय. फोटोत एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक कुठेच दिसला नाही. तीन वर्षं विकताय आणि नोंदणी नसेल, तर डिझायनरच्या आधी ते काम. तुमच्याएवढ्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. ती FoSCoS या सरकारी संकेतस्थळावर होते आणि सरकारी फी वर्षाला शंभर रुपये. मग लेबलावर पदार्थाचं नाव, उतरत्या क्रमाने घटक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, करांसह किंमत, तुमचा पत्ता आणि फोन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावी ती तारीख आणि घाणा क्रमांक. घाणा क्रमांक म्हणून दळणाची तारीखच टाका. 'गहू आहे' हे ठळक हवं. उपासाची भाजणीही करणार असाल तर लक्षात ठेवा, गिरणीत आधीच्या माणसाचे गहू दळलेले असतात. पहिलं अर्धा किलो पीठ बाजूला काढावं लागतं.

टिकण्याची तारीख अंदाजाने छापू नका. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट राखून ठेवा आणि महिन्याने, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी थोडंथोडं काढून हुंगा. खवट वास किंवा बोटाला जाळी लागली की त्याच्या आधीचा महिना छापायचा. पावसाळ्यातला आकडा वेगळा येईल. तोही पानावर लिहा.

तिसरी ओळ किमतीची, आणि डिझायनरच्या ४० पानांत नसेल ती हीच. अर्धा किलो ९० रुपयांना देता असं फोटोत दिसतं. दहा किलो धान्याचा घाणा धरू. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे आणि जिरे मिळून साधारण ७६० रुपये. भाजताना ओल जाते, थोडं गिरणीत राहतं, हातात ९ किलो येतं, म्हणजे १८ पाकिटं. विक्री १,६२०. यातून ७६० वजा करून तुम्ही ८६० सुटले म्हणता, सहा घाण्यांचे पाच हजार. पण दळणाचे १००, गॅसचे ६५, पाकीट आणि लेबलाचे १४५, रिक्षाचे १०० कोणी दिले? तेही तुम्हीच, घरखर्चाच्या पाकिटातून. हाती राहतात ४५०. निवडणं, एकेक धान्य वेगळं भाजणं, गिरणीची रांग, भरणं आणि पोचवणं मिळून अकरा तास तरी जातात. ताशी चाळीस रुपये. महिन्याचे २,७०० आणि वर्षाचे ३२,०००. डिझायनरचं बिल म्हणजे तुमच्या दोन वर्षांच्या कष्टांची कमाई.

एका पाकिटाला तुम्हाला ६५ रुपये पडतात. किंमत १२० करा, सुटतात ५५. आता समजा चौथाई गिऱ्हाईक तुटलं. तरी आज जिथे ४५० मिळतात तिथे साडेसातशेच्या आसपास मिळतील, आणि कढईपुढे उभं राहणं चौथाईने कमी होईल. म्हणून पानावर लिहा: अर्धा किलो १२०, सगळ्यांना तोच भाव, घरपोच असेल तर रिक्षा वेगळी. नातेवाइकांना सवलत नाही, हवं तर भेट म्हणून द्या, पण १२० धरून वहीत लिहा. दोन किमती आहेत हे भिशीत दुसऱ्याच दिवशी कळतं आणि मग कमी असेल तीच खरी ठरते.

या पानाला पैसे किती? लेबलाची मांडणी आणि नावाची अक्षरं एखाद्या होतकरू डिझायनरकडून चार-पाच हजारांत होतात, छपाई वेगळी. व्यापारचिन्हाची नोंदणी व्यक्तीला ऑनलाइन एका वर्गाला ४,५०० रुपयांत होते, पण 'ओसरी' कोणी आधी घेतलंय का ते शोधल्याशिवाय पाऊल टाकू नका. आधी एफएसएसएआय, मग लेबल, हे सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं भाजणीच्या कमाईतून, एफडीला हात न लावता.

आता तो हप्ता. २२ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १,५४,००० व्याज. हप्ता दीड लाख. म्हणजे ज्या साहेबांनी ही योजना गळ्यात मारली, त्यांनी तुमचं वर्षभराचं जवळजवळ सगळं व्याज मागितलं. पेन्शन धरून तुम्हाला महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास मिळतात आणि खर्च १८,०००. तीन हजारांची तूट आहे, आणि भाजणी आजच ती कशीबशी भरतेय. हप्त्यासाठी त्यातून काहीच उरत नाही. भाव १२० केलात आणि एकही गिऱ्हाईक तुटलं नाही, तरी वर्षाचे ७१,०००. दीड लाख सुटायला २,७०० पाकिटं लागतील, म्हणजे दीडशे घाणे. आज वर्षाला ७२ होतात. आठवड्याला तीन घाणे, एकटीने, ६३व्या वर्षी, घरखर्चाला एक रुपयाही न घेता! लोगो कितीही सुंदर झाला तरी कढई एकच आहे.

शिवाय या योजनेत विमा आहे, आणि तुमच्या वयाला त्याचा आकार दर महिन्याला युनिटांतून कापला जातो. तुमच्यावर अवलंबून असलेल्या कोणाचाही उल्लेख पत्रात नाही. मग तो विमा कोणासाठी? 'पाच वर्षांची' या शब्दांवरही फसू नका. पाच वर्षं हा पैसे अडकण्याचा काळ आहे, परताव्याची हमी नव्हे. साहेबांनी तोंडी एखादा टक्का सांगितला असेल, तर तो पॉलिसीच्या कागदात शोधा. सापडणार नाही.

पॉलिसी परत करण्याचे सुरुवातीचे ३० दिवस कधीच उलटले. दुसरा हप्ता भरला नाही तर सवलतीच्या मुदतीनंतर पॉलिसी खंडित होईल. खंडनाचा आकार जास्तीत जास्त पाच-सहा हजार. उरलेली रक्कम वेगळ्या निधीत जाते, त्यावर किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पूर्ण झाली की पैसे हातात येतात. एक हप्ता अडकून राहील, हे वाईटच. पण पुढचे चार म्हणजे सहा लाख वाचतात. मी तुमच्या जागी असतो तर भरला नसता.

तूट भरायचा सोपा मार्ग तुमच्याच पैशांत आहे. एफडी मुदत संपेल तसतशी, एकूण १५ लाखांपर्यंत, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यात येतील. एफडीपेक्षा वर्षाला १८,००० जास्त, म्हणजे महिन्याला दीड हजार. अर्धी तूट तिथेच मिटली, उरलेली भाजणीच्या नव्या भावात सहज मिटते.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जाण्याची परवानगी तुम्ही बहुधा फॉर्मवर सही करून दिली असेल. ती रद्द करण्याचा अर्ज याच आठवड्यात बँकेत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. साहेबांचा फोन येईल, चहाला बोलावतील, एवढा एकच हप्ता भरा म्हणतील. अर्जाची शिक्का मारलेली प्रत जवळ असेल तर चहा प्यायला हरकत नाही.