पान 9 वरचा तक्ता

"ताई, मार्केटिंगच्या रिपोर्टला 40 पैकी 21 मिळाले. सगळं लिहिलं होतं मी. सरांना विचारावंसं वाटतं, पण ते चिडले तर? आणि पुन्हा तपासून आहेत ते गुणही कमी केले तर?"

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अंतर्गत गुण लागले की पुढचे आठ-दहा दिवस हाच प्रश्न येत राहतो. कॉलेज वेगळं, विषय वेगळा, भीती तीच. हा प्रश्न ज्या मुलीने विचारला, तिची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तीच पत्राचा मसुदा घेऊन. त्यात आजीचं आजारपण होतं, शिष्यवृत्ती होती, रात्रभर जागून केलेलं टायपिंग होतं. रिपोर्टमधलं एकही वाक्य नव्हतं. मी विचारलं, "हे वाचून सरांनी नेमकं काय करावं?" ती म्हणाली, "गुण वाढवावेत." "कशाचे?" त्यावर ती गप्प झाली.

चार दिवसांनी दुसरा मसुदा आला. त्यात मैत्रिणीच्या रिपोर्टला 29 कसे पडले हा सवाल होता, आणि प्रत विभागप्रमुखांना जाणार होती. मी मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांच्या मांडणीच्या वाटेने काम करते. आपल्या आत एक बालक असतं, एक पालक असतो आणि एक प्रौढ असतो, असं ते सांगतात. पहिलं पत्र रडवेल्या बालकाचं होतं, दुसरं बोट उगारलेल्या पालकाचं. दोन्ही पत्रांना समोरून तसंच उत्तर येण्याचा धोका असतो: एकाला उपदेश, दुसऱ्याला राग. हे मी तिला समजावून सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "पुढच्या वेळी रिपोर्ट आणि गुणांचा तक्ता घेऊन ये. पत्र नको."

रिपोर्ट लिल्या चेवड्याच्या, म्हणजे बडोद्याच्या ओलसर बटाटा-चेवड्याच्या, एका छोट्या दुकानावर होता. गुणांचे चार भाग होते, प्रत्येकी 10 चे. बाजाराचा अभ्यास 6, लक्ष्य ग्राहक 3, शिफारशी 7, संदर्भ आणि मांडणी 5. तीन गुणांच्या शेजारी सरांचा शेरा होता: 'ग्राहकांचे गट दिसत नाहीत.'

ती उसळलीच. "ताई, आहेत ना! 60 जणांना विचारलं मी. रोज घरी खाणारे, पाहुण्यांसाठी नेणारे आणि परदेशातल्या मुलाबाळांना पाठवणारे, असे तीन गट केलेत."

मला हे काम आवडलं आणि मी तसं सांगितलंही. बहुतेक मुलं वय आणि स्त्री-पुरुष एवढ्यावर गट पाडून मोकळी होतात. चेवडा कोण खातो यापेक्षा कशासाठी नेतो हे बघितलं, तर पुढची सगळी मार्केटिंगची दिशा बदलते. घरी खाणाऱ्याला सुटा पाव किलो पुरतो. परदेशी पाठवणाऱ्याला घट्ट बंद पाकीट लागतं, आणि किती दिवस टिकेल हे त्यावर छापलेलं लागतं.

मग मी रिपोर्ट तिच्या हातात दिला. "आता तू सर हो. टेबलावर पन्नास रिपोर्ट पडलेत. एका मिनिटात यातले ग्राहकांचे गट शोधून दाखव."

तिने अनुक्रमणिका पाहिली. 'लक्ष्य ग्राहक' नावाचं प्रकरणच नव्हतं. पानं उलटली, पुन्हा मागे आली. तक्ता पान 9 वर निघाला, आणि वर शीर्षक होतं 'सर्वेक्षणाचे निष्कर्ष'. तीन गटांची नावं तक्त्याच्या डाव्या रकान्यात बारीक अक्षरांत. परदेशी पाठवणारा गट का निवडला, ते कारण पान 10 च्या तळाशी. ती बराच वेळ त्या शीर्षकावर बोट ठेवून बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, मलाच सापडलं नाही."

इतक्या वर्षांच्या कामात मी ज्या क्षणांची वाट पाहते, त्यांतला हा एक. सरांनी अन्याय केला आणि मीच मठ्ठ, या दोनच खोल्यांत ती महिनाभर फिरत होती. तिसरं दार त्या मिनिटात उघडलं: काम झालं होतं, पण दिसेल अशा जागी नव्हतं. भीती तिथेच निम्मी उतरली, कारण आता विचारण्यासारखं काहीतरी हातात होतं.

उरलेल्या भागांकडेही तिने त्याच नजरेने पाहिलं. शिफारशींत खर्चाचा अंदाज नव्हता, संदर्भ अर्धवट होते. "हे बरोबर कापलेत," असं ती स्वतःच म्हणाली.

म्हणून मी मुलांना सांगते, खुलासा मागणं आणि पुनर्विचार मागणं या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. खुलासा कुणीही, कधीही मागावा. पुनर्विचार मात्र पान क्रमांक दाखवता आला तरच मागावा, आणि त्याच भागापुरता. गुण कमी होऊ शकतात का? काही ठिकाणी होतात. आपल्या विभागाचा नियम आधी विचारून घ्यावा. गुण एकदा पुढे पाठवले गेले की बदलणं फार अवघड होतं, त्यामुळे महिना घालवू नये. पण निकालाच्या रात्रीही पत्र पाठवू नये.

तिचं पत्र इंग्रजीत गेलं. मराठीत ते असं होतं:

"आदरणीय सर, रिपोर्टवर सविस्तर शेरे दिल्याबद्दल आभार. शिफारशींत खर्चाचा अंदाज नाही आणि संदर्भ अपुरे आहेत, हे मला पटलं. एका भागाबद्दल विचारायचं आहे. 'लक्ष्य ग्राहक' या भागाला 10 पैकी 3 गुण आहेत आणि 'ग्राहकांचे गट दिसत नाहीत' असा शेरा आहे. पान 9 वरच्या तक्त्यात खरेदीच्या कारणावरून तीन गट केले आहेत, आणि पान 10 वर एक गट निवडण्याचं कारण आहे. त्याला मी योग्य शीर्षक दिलं नाही, ही माझी चूक. ही मांडणी मुळातच अपुरी आहे की शीर्षकामुळे लक्षात आली नाही, हे कळलं तर पुढच्या कामात सुधारणा करता येईल. आपल्याला योग्य वाटल्यास या भागाच्या गुणांचा पुनर्विचार व्हावा, ही विनंती. आपण सांगाल त्या वेळी दहा मिनिटांसाठी भेटायला येईन."

खाली नाव, रोल नंबर, विषय, आणि सोबत फक्त ती दोन पानं.

'ही माझी चूक' हे वाक्य काढून टाकायला ती निघाली होती. मी थांबवलं. ते वाक्य खरं आहे, आणि त्याने सरांनाही वाट मिळते. 'माझं चुकलं' असं न म्हणताही त्यांना गुण बदलता येतात. मैत्रिणीचे 29 पत्रात नाहीत, कारण तिचा रिपोर्ट आपण तपासलेला नाही. विभागप्रमुखांना प्रतही नाही, कारण सरांनी अजून नकार दिलेलाच नाही. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक नम्र आठवण करावी, मग वरचं दार.

सरांनी तिसऱ्या दिवशी बोलावलं. पानं पाहिली, 3 चे 6 केले. सातवा का नाही, तेही सांगितलं: 60 च्या 60 माणसं दुकानातून पाकीट घेऊन बाहेर पडणारी होती. जे दुकानासमोरून जातात आणि घेत नाहीत, त्यांना तिने विचारलंच नव्हतं.

24 गुणांची बातमी सांगायला तिने त्या संध्याकाळी फोन केला. मागे रस्त्याचा गोंगाट होता. "कुठे आहेस?" विचारलं तर म्हणाली, "दुकानासमोर उभी आहे, ताई. न घेणारे मोजतेय."